बातमी ऐका, थांबवा आणि जर्मनमध्ये सांगा

"वाचलं की समजतं, पण ऐकलं की निसटतं." जर्मन शिकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या तोंडून हे वाक्य फार वेळा येतं. पुण्यात आणि मुंबईत जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे, मॅक्स म्युलर भवनाची नावंही घरोघरी माहीत आहेत. अलीकडे मात्र शिकणाऱ्यांचा चेहरा बदलला आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. तेव्हापासून परिचारिका, वीजतंत्री, हॉटेलात काम करणारी मुलं असे सगळे सांगली-सोलापूरहूनही या भाषेकडे वळू लागले आहेत. त्यांना जर्मन साहित्य वाचायचं नाही. समोरचा माणूस काय म्हणाला हे त्यांना पहिल्याच झटक्यात कळायला हवं आहे.

यासाठी रोजच्या बातम्या ऐका, असा सल्ला प्रत्येक शिक्षक देतो. मुलं तो मनापासून पाळतात, बसमध्ये किंवा स्वयंपाक करताना कानात जर्मन बातम्या चालू ठेवतात, आणि सहा महिन्यांनी तक्रार तीच राहते. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. ऐकलेली बातमी लगेच, मोठ्याने, जर्मनमध्येच दोन-तीन वाक्यांत सांगणं हा त्याचा उरलेला अर्धा भाग. तो गळला की ऐकणं नुसतं कानावरून जातं.

याचं कारण साधं आहे. परकी भाषा ऐकताना मधलेमधले ओळखीचे शब्द पकडून मन स्वतःच एक गोष्ट जुळवतं. बुंडेसटाग ऐकू आलं, ऑयरो ऐकू आलं, एखादा आकडा ऐकू आला, की 'संसदेने काहीतरी पैशांचा निर्णय घेतला' असं वाटतं आणि समजल्याचं समाधान होतं. निर्णय घेतला की फेटाळला, हे मात्र कानाने टिपलेलंच नसतं. सांगायला तोंड उघडलं की ही फट दिसते, कारण वाक्याला क्रियापद लागतं आणि नेमकं तेच हाताशी नसतं. बोलण्याच्या प्रयत्नातच माणसाला स्वतःच्या भाषेतली उणीव जाणवते, हे कॅनडातल्या भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी मांडलं. त्या बोलण्याबद्दल म्हणत होत्या, पण ऐकण्याची परीक्षा घ्यायलाही तोच मार्ग उपयोगी पडतो.

आधी ऐकायचं काय, ते ठरवू. डॉइश वेले ही जर्मनीची परदेशांसाठीची प्रसारणसंस्था सोमवार ते शनिवार रोज एक संथ वाचलेलं बातमीपत्र देते. शोधखिडकीत Langsam gesprochene Nachrichten एवढे शब्द टाकले की ते सापडतं. तिथे एकाच दिवसाच्या बातम्या दोन वेगांत असतात, एक सावकाश वाचलेली ध्वनिफीत आणि एक नेहमीच्या वेगाची. शिवाय बातम्यांचा शब्दशः मजकूरही मिळतो. आपल्या कामासाठी हा मजकूर सोन्यासारखा आहे, कारण काय ऐकलं आणि प्रत्यक्षात काय म्हटलं होतं हे ताडून पाहता येतं. याची भाषा वरच्या पातळीची आहे, त्यामुळे ए-२ संपवून बी-१ मध्ये आलेल्याला सुरुवातीला घाम फुटतो. त्याने डॉइचलांडफुंक या आकाशवाणीचं Nachrichtenleicht हे सोप्या भाषेतलं साप्ताहिक बातमीपत्र आधी घ्यावं. त्यात वाक्यं छोटी असतात आणि अवघड शब्द बातमीतच समजावलेले असतात. ए-१ वाल्याने मात्र बातम्यांच्या वाटेला जाऊ नये. दर तिसरा शब्द अनोळखी असेल तर कान शिकत नाही, नुसता दमतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. पुढची दोन वाक्यं जर्मन बातम्यांच्या धाटणीत मी तयार केली आहेत. अशी बातमी तिथे वर्षातून अनेकदा येते.

"दी गेवेर्कशाफ्ट हाट दी बेशेफ्टिग्टेन इम नाहफेरकेअर फ्युअर फ्रायटाग त्सू आयनेम गान्त्सटेगिगेन वार्नश्ट्राइक आउफगेरूफेन. बेट्रोफेन झायेन बुसे उंट श्ट्रासेनबानेन इन झीबेन बुंडेसलेंडर्न, टायल्टे दी गेवेर्कशाफ्ट अम मिटवोख इन बेरलिन मिट."

अर्थ असा: शहरी वाहतुकीतल्या कर्मचाऱ्यांना कामगार संघटनेने शुक्रवारी दिवसभराच्या इशारा-संपाची हाक दिली आहे. सात राज्यांतल्या बस आणि ट्राम यात येतील, असं संघटनेने बुधवारी बर्लिनमध्ये कळवलं.

बी-१ शिकणारी मुलगी हे पहिल्यांदा ऐकते तेव्हा तिला काय ऐकू येतं? फ्रायटाग, श्ट्राइक, बुसे, मिटवोख, बेरलिन. तिला सांगायला लावलं की हमखास येणारं वाक्य असं: "अम मिटवोख इस्ट श्ट्राइक इन बेरलिन. दी बुसफारर वोलेन मेअर गेल्ट." म्हणजे बुधवारी बर्लिनमध्ये संप आहे, बसचालकांना जास्त पैसे हवे आहेत. व्याकरण ठीक, उच्चार ठीक, बातमी मात्र चुकीची. बुधवार हा घोषणेचा दिवस आणि बर्लिन हे घोषणेचं ठिकाण. संप शुक्रवारी आहे, तोही सात राज्यांत. जास्त पैशांचा तर बातमीत उल्लेखच नाही, तो तिने स्वतःच्या सामान्यज्ञानातून घातला. हा अंदाज बहुधा खराही ठरेल, पण तो ऐकलेला नाही, आणि आपण ऐकण्याची परीक्षा घेतो आहोत.

या चुकीची मुळं जर्मन बातमीच्या घडणीत आहेत. बातमी कोणी, कधी, कुठे कळवली हे जर्मन निवेदक बहुधा वाक्याच्या शेवटाकडे सांगतो, आणि कानाला शेवटचंच जास्त आठवतं. शिवाय 'कळवलं' हे क्रियापद दोन तुकड्यांत आहे. 'टायल्टे' मध्ये येतं आणि त्याचा 'मिट' थेट शेवटी. बेरलिन ऐकून ज्याने कान मिटले त्याला 'टायल्टे' अर्धवटच कळतं, आणि मग बुधवार-बर्लिन ही जोडी मोकळी सुटून संपाला जाऊन चिकटते. तिसरी गोष्ट 'झायेन' या रूपाची. 'झिंट' म्हणजे 'आहेत'. निवेदक 'झायेन' म्हणतो तेव्हा त्याला सुचवायचं असतं की हे संघटनेचं म्हणणं आहे, आकाशवाणीचं नव्हे. दुसऱ्याचं म्हणणं सांगणारं हे रूप रोजच्या गप्पांत क्वचित भेटतं, बातम्यांत मात्र पावलोपावली. 'झाय', 'झायेन', 'हाबे' ऐकू आलं की कोण बोलतंय ते शोधायचं, एवढं कानाला लागलं तरी निम्मी बातमी सुटते.

मराठी माणसाला इथे एक जमेची बाजू आहे आणि ती वर्गात फारशी कोणी सांगत नाही. वर 'हाट' सुरुवातीला येऊन 'आउफगेरूफेन' शेवटी आलं, त्यांच्यामध्ये दहा शब्द होते. इंग्रजीच्या सवयीने ऐकणारा या वाटेत थकतो, कारण त्याला क्रिया लगेच हवी असते. आपल्या मराठीत क्रियापद शेवटीच येतं आणि आपण वाक्य संपेपर्यंत आरामात थांबतो. अडचण एवढीच की बहुतेक मुलं जर्मन इंग्रजीच्या आधाराने शिकतात आणि कानही इंग्रजीचाच लावतात. आकड्यांचंही तसंच. जर्मनमध्ये पंचवीसला 'फ्युन्फउंटत्स्वान्त्सिश' म्हणतात, आधी पाच, मग वीस. इंग्रजीत मोजणारा त्याचे बावन्न करून टाकतो. मराठीत मोजणाऱ्याला 'तीनशे पंचवीस' आणि 'ड्रायहुंडर्टफ्युन्फउंटत्स्वान्त्सिश' यांचा क्रम एकच असल्याचं लगेच जाणवतं. म्हणून बातमीतले आकडे मनात मराठीतच लिहावेत. बाकी सगळं जर्मनमध्ये करा, आकड्यांना तेवढी मुभा द्या.

आता त्या मुलीच्या दुसऱ्या फेरीकडे. तिने अजून मजकूर उघडलेला नाही आणि उघडायचाही नाही. संथ ध्वनिफितीतली तीच बातमी ती पुन्हा लावते, पण या वेळी चार प्रश्न हातात घेऊन: कोणी, काय केलं, कधीसाठी, कुठे. दोन दिवस ऐकू येत आहेत, तर कोणता कशाचा? दुसऱ्यांदा ऐकताना 'फ्युअर फ्रायटाग' मधला 'फ्युअर' कानी पडतो, म्हणजे शुक्रवार'साठी'. 'झीबेन' हा आकडाही पकडला जातो. ती ध्वनिफीत थांबवते आणि फोनवर मुद्रण सुरू करून सांगते:

"अम फ्रायटाग श्ट्राइकेन फीले बुसफारर इन डॉइचलांड. देअर श्ट्राइक डाउअर्ट आयनेन टाग. दी गेवेर्कशाफ्ट झाग्ट: झीबेन बुंडेसलेंडर झिंट बेट्रोफेन."

शुक्रवारी जर्मनीत बरेच बसचालक संप करणार. संप एक दिवस चालेल. संघटना म्हणते, सात राज्यांना झळ बसेल. तीनच वाक्यं, सगळी बी-१ च्या आवाक्यातली, आणि बातमी बरोबर. ट्राम सुटली, ती पुढच्या वेळी. निवेदकाचं 'झायेन' तिने वापरलं नाही, 'गेवेर्कशाफ्ट झाग्ट' म्हणून तेच काम साध्या शब्दांत केलं. माझ्या मते सारांशाचं खरं कसब इथे आहे: ऐकायचं निवेदकाच्या भाषेत आणि सांगायचं आपल्या भाषेत, अर्थ न हलवता. मुलं उलट करतात. 'गान्त्सटेगिगेन वार्नश्ट्राइक' सारखा भारदस्त तुकडा जसाच्या तसा म्हणून दाखवतात आणि शिक्षकही खूश होतात. पण तो तुकडा पोपटपंचीने आला की समजून, हे पाहायला एकच प्रश्न पुरतो: संप किती वेळ? उत्तर अडलं तर तो तुकडा नुसता ध्वनी होता.

मजकूर उघडायचा तो याच्यानंतर. आपलं मुद्रण लावायचं आणि मजकुराशी ताडायचं. चुकीच्या तीन जाती असतात आणि त्या वेगळ्या ओळखायला हव्यात. पहिली, शब्दच माहीत नव्हता, जसा 'नाहफेरकेअर', म्हणजे शहर आणि आसपासची वाहतूक. त्यासाठी शब्दवही आहे. दुसरी, शब्द माहीत होता पण बोलण्याच्या ओघात ओळखू आला नाही. कागदावर 'बेशेफ्टिग्टेन' पाहून 'अरे, हे तर येत होतं' असं वाटतं, ती ही चूक. तिच्यावर शब्दवहीचा उपाय नाही, तेवढंच वाक्य मजकुरावर बोट ठेवून दोन-तीनदा ऐकायचं आणि मग बोट काढून पुन्हा. तिसरी, सगळे शब्द ऐकू आले पण जोडणी चुकली, जशी बुधवार-बर्लिनची. तिचा उपाय म्हणजे क्रियापद शोधून त्याला चिकटलेल्या गोष्टी त्याच्याजवळ ठेवणं. तिन्ही चुका एकाच खात्यात टाकून 'माझं ऐकणं कच्चं आहे' म्हणत बसलं की वर्ष निघून जातं. वर्गातला अनुभव सांगायचा तर मुलांना पहिल्या जातीची चूक जास्त होते असं वाटतं, प्रत्यक्षात दुसरी जास्त असते.

मग शेवटची पायरी: तीच बातमी पुन्हा एकदा सांगायची, या वेळी कमी वेळात. एकच गोष्ट आधी चार, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगण्याची एक जुनी पद्धत भाषा शिकवणाऱ्यांत प्रचलित आहे. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी तिचा बराच अभ्यास केला. आपल्या तीन वाक्यांना मिनिटं लागत नाहीत, पण तत्त्व तेच. पहिल्यांदा अडखळत गेलेला अर्धा मिनिट दुसऱ्यांदा वीस सेकंदांवर येतो, कारण काय सांगायचं हे आता शोधावं लागत नाही, फक्त भाषा हलवायची असते. एका बातमीचं हे सगळं दहा-बारा मिनिटांत होतं. रोज दोन बातम्या पुरे. पूर्ण बातमीपत्राचा सारांश करू पाहणारे चौथ्या दिवशी कंटाळतात असंच मी पाहत आले आहे.

कोणत्या दोन बातम्या निवडायच्या, यालाही महत्त्व आहे. सुरुवातीला जगाच्या बातम्या सोप्या जातात, कारण त्या सकाळीच मराठी वर्तमानपत्रात वाचलेल्या असतात. पहिले काही आठवडे हा आधार घ्यावा. पण तो पुढेही धरून ठेवला तर फसवणूक होते: सारांश बरोबर येतो तो कानाच्या नव्हे, वर्तमानपत्राच्या जोरावर. म्हणून नंतर मुद्दाम जर्मनीच्या घरगुती बातम्या घ्याव्यात, जशा वेतनाच्या वाटाघाटी, रेल्वेचा उशीर, एखाद्या राज्यातली निवडणूक. त्यांचा मराठी वर्तमानपत्रात मागमूस नसतो आणि जे सांगाल ते ऐकलेलंच असतं.

आणि एक बातमी धरली की तिला आठवडाभर सोडू नये. रोजच्या बातम्यांचं भाषेच्या दृष्टीने सर्वांत मोठं देणं हे आहे की उद्याची बातमी कालचे शब्द परत आणते. वरचा संपच घ्या. आधी 'फोर्डेरुंग' म्हणजे मागणी येते, मग 'वार्नश्ट्राइक', मग 'फेरहांडलुंगेन' म्हणजे वाटाघाटी. त्या फिसकटल्या तर 'श्लिख्टुंग' म्हणजे तटस्थ माणसाची मध्यस्थी, आणि अखेर 'आयनिगुंग', समझोता. त्याच संघटना, तेच मालकपक्ष, तेच टक्के. चौथ्या दिवशी शब्द ओळखण्यात शक्ती जात नाही आणि कान वाक्याच्या जोडणीकडे मोकळा होतो. एकाच विषयावर पुन्हा पुन्हा ऐकण्याच्या या पद्धतीची बाजू अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन क्रॅशन यांनी १९९६ मध्ये मांडली होती. विद्यार्थी मात्र वैविध्याच्या मोहात पडतात, सोमवारी फुटबॉल, मंगळवारी हवामान, बुधवारी युद्ध, आणि रोज नव्याने चाचपडतात. सांगतानाही मालिकेचा फायदा होतो. "काल संघटनेने संपाची हाक दिली, आज बस बंद आहेत" असं म्हणायला भूतकाळ आणि वर्तमानकाळ दोन्ही लागतात, त्यासाठी वेगळा व्याकरणाचा तास लागत नाही.

संथ आवाज कधी सोडायचा? मजकूर न पाहता, दोनदा ऐकून, अनोळखी बातमीचे कोणी-काय-कधी-कुठे बहुतेक दिवशी बरोबर येऊ लागले की लगेच. संथ वाचनात शब्दांमध्ये मोकळी जागा असते, खऱ्या बोलण्यात ती नसते, आणि त्या जागेची सवय लागली तर ती पुढे नडते. मधली पायरी सोयीची आहे: आधी तीच बातमी नेहमीच्या वेगात ऐकून सांगायची, अडलं तरच संथ फीत लावायची. त्यानंतर tagesschau in 100 Sekunden घ्यावं, म्हणजे एआरडी या सार्वजनिक वाहिनीचा शंभर सेकंदांतला बातम्यांचा गोषवारा. तिथे निवेदकानेच सारांश केलेला असतो, एका बातमीला मोजकी वाक्यं मिळतात आणि विचार करायला उसंत नसते. रात्री आठचं मुख्य टागेसशाउ पंधरा मिनिटांचं असतं. भारतात तेव्हा उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकणंच बरं.

या सवयीने काय मिळत नाही, तेही जाणाऱ्यांना आधीच कळायला हवं. बातमी ही लिहिलेली आणि वाचून दाखवलेली भाषा आहे. तिच्यात कोणी कोणाला 'दू' म्हणत नाही, प्रश्न विचारत नाही, वाक्य अर्धवट सोडत नाही. जर्मन बोलण्यात मिठासारखे पडणारे 'डॉख', 'माल', 'हाल्ट' हे छोटे शब्द तिथे जवळजवळ नसतातच. गोएथे संस्थेच्या बी-१ परीक्षेत ऐकण्याच्या भागात संवादही असतात, आणि काही ध्वनिफिती एकदाच ऐकवल्या जातात. निव्वळ बातम्यांवर वाढलेला विद्यार्थी तिथे गोंधळतो. रुग्णालयात तर आणखी वेगळं. बाडेन-व्युर्टेम्बेर्गच्या मोठ्या भागात श्वाबिश बोली चालते, तिथली आजी 'इस्ट'ला 'इश' म्हणते आणि टागेसशाउचा स्वच्छ उच्चार तिला ठाऊक असला तरी ती तो वापरत नाही.

म्हणून ज्यांचं जाणं त्या राज्यात ठरलं आहे त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. निघायच्या आधीचे दोन-तीन महिने रोजच्या दोन बातम्यांपैकी एक एसडब्ल्यूआर या तिथल्या प्रादेशिक प्रसारणसंस्थेची घ्या, आणि तीही अशी की जिच्यात निवेदकाखेरीज रस्त्यावरची माणसं बोलतात: दुकानदार, शेतकरी, बसस्टॉपवरच्या बायका. निवेदक काय म्हणाला ते सांगणं एव्हाना तुम्हाला जमत असेल. आता ती माणसं काय म्हणाली, एवढंच जर्मनमध्ये सांगून पाहा.